मेन बंद, दिवा चालू

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळ. चांदवड, आईचं घर. हजर: आई (उजव्या मनगटाला पट्टी), पुण्याहून आलेला धाकटा भाऊ, शेजारचे काका (बोलावलं नव्हतं, चहाच्या वेळेला आले) आणि मी. गैरहजर: मावशी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरी पलंगावर होती.

विषय एकच. आईने या घरात एकटीने राहायचं, की घराला कुलूप लावून नाशिकला माझ्याकडे यायचं. आणि ते ठरणार होतं एका बल्बवरून.

बल्ब मीच दिलेला. इंदिरानगरात आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पुढचा काउंटर नवरा बघतो, मागचं दुरुस्तीचं टेबल माझं. चार्जिंगचे बल्ब बाजारात आले तेव्हा पहिल्या खोक्यातला एक मी आईसाठी बाजूला काढला होता. दिसायला साधा बल्ब, नेहमीच्या होल्डरमध्ये बसतो, पण पोटात एक सेल असतो. लाइट असेपर्यंत तो सेल भरत राहतो, लाइट गेली की बल्ब त्यावर जळतो. इन्व्हर्टर घे म्हणून भावाने आईला दोनदा सांगून पाहिलं होतं. "त्याला पाणी घाला, त्याचं तोंड पुसा, म्हातारपणी मला नवीन बाळ नको," असं म्हणून तिने तो विषय मिटवला. बल्ब मात्र तिला मनापासून आवडला. त्याची एक गंमत असते. बल्ब होल्डरमधून काढून त्याच्या टोपीवरच्या दोन्ही ठिपक्यांना बोट लावलं की तो हातातच पेटतो. आई आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होती. प्रयोग हातात आला की तिला समोर वर्ग दिसतो. गल्लीतल्या प्रत्येकाला तिने तो पेटवून दाखवला. दूधवाल्याला दोनदा.

बल्ब मधल्या खोलीत लावला. गच्चीवरून उतरणारा जिना तिथेच संपतो, स्वयंपाकघराचं दारही तिथेच. बटणावर मी चिकटपट्टी लावली आणि त्यावर लिहिलं, "हे बटण बंद करायचं नाही." कारण दुकानात येणाऱ्या दहांपैकी आठ तक्रारींचं मूळ तेच असतं. लोक सवयीने दिवसा दिव्याचं बटण बंद करतात. बटण बंद म्हणजे सेलला वीज नाही, आणि असा सेल पूर्ण भरायला आठ-दहा तास सलग वीज लागते. संध्याकाळी बटण लावून दोन तासांत लाइट गेली तर बल्ब कुठून देणार? आईला मी हे फळ्यावर लिहिल्यासारखं समजावलं होतं. तिने मान डोलावली आणि पट्टीच्या कडा नखाने नीट दाबून बसवल्या.

पहिला उन्हाळा उत्तम गेला. लाइट गेली की बल्ब साडेतीन तास सहज चालायचा. मग पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता आईचा फोन आला.

"तुझा बल्ब रुसलाय."

"म्हणजे?"

"सकाळी लाइट गेली तर गुणी मुलासारखा जळतो. संध्याकाळी गेली की पाऊण तासात मान टाकतो."

"बटण बंद केलं होतंस?"

"पट्टी लावलीय ना तू? मी वाचता येणाऱ्यांतली आहे."

मी बल्ब मागवून घेतला. चांदवडहून रोज नाशिकला येणारा एक टेम्पोवाला आहे, त्याच्यासोबत पिशवीतून आला. बल्बभोवती आईची जुनी लोकरी टोपी गुंडाळलेली. टेबलावर त्याचं पांढरं झाकण फिरवून काढलं, एलईडीची पाटी उचलली आणि सेलला मीटर लावला. ही कामं मी ठरलेल्या क्रमाने करते, म्हणजे काही सुटत नाही: आधी सेल, मग चार्जिंगचं सर्किट, मग ग्राहकाला प्रश्न. सेल पूर्ण भरल्यावर चार व्होल्टच्या थोडं वर दाखवत होता, म्हणजे वरवर ठीक. पण एलईडी पेटवले की आकडा भराभर खाली यायचा. थकलेल्या सेलचं हेच लक्षण: नुसता बसलेला असताना तब्येत छान, काम दिलं की धाप. वर्ष-दीड वर्षात इतका थकायला नको होता, पण थकतात काही. त्याच मापाचा, तितक्याच क्षमतेचा नवा सेल घातला. टोकांना पट्ट्या आधीच जोडलेला घेते मी, थेट सेलवर सोल्डरचा डाग दिला की उष्णतेने तो बिघडतो. मग सर्किट तपासलं. चार्जिंग नीट सुरू होत होतं, सेल भरत आला की कमी होत होतं, आणि सव्वाचारच्या अलीकडे थांबत होतं. अगदी हवं तसं. रात्रभर भरून दुसऱ्या दिवशी काउंटरवर जळत ठेवला. साडेतीन तास. लोकरी टोपीसकट परत पाठवला.

पंधरा दिवसांनी आई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होती. सातचा सुमार. लाइट आधीच गेली होती, बल्ब जळत होता म्हणून ती वर गेली. ती अर्ध्या जिन्यात असताना तो मंद झाला आणि विझला. ती अंदाजाने उतरत राहिली आणि शेवटची पायरी संपली असं समजून तिने पाय टाकला, पायरी संपली नव्हती. कपड्यांचा ढीग हातात होता म्हणून डोकं वाचलं. मनगट मुरगळलं.

भावाने त्याच आठवड्यात सुट्टी टाकली.

तर रविवारी सकाळी तो चहाचा कप न उचलता बोलत होता. "ताई, मी स्पष्ट सांगतो. तुझ्या दुकानातला माल, तू दुरुस्त केलेला, आणि तरी अर्ध्या जिन्यात विझतो. पुढच्या वेळेला मनगटावर भागणार नाही. आईने नाशिकला यावं. आजच बॅग भरू."

"मालाला नाव ठेवू नकोस," मी म्हटलं. खरं तर मलाही काही सुचत नव्हतं. येताना मी नवा बल्बच आणला होता, म्हणजे निदान संशय तरी मिटेल.

"मी इथे बसलेय," आई म्हणाली. "माझ्याबद्दल बोलताय तर माझ्याकडे बघून बोला. आणि एका बल्बने माझा निकाल लावायचा?"

"बल्बने नाही, पायरीने," भाऊ म्हणाला.

"मावशीला कोण बघेल?"

"बाई ठेवू."

"ती बाईला पळवून लावेल. मला ओळखते म्हणून माझ्या हातचं खाते, तेही नावं ठेवत."

पावसाळ्यात ऑपरेशन झाल्यापासून आई रोज सकाळी घर बंद करून मावशीकडे जायची, दोघींचा स्वयंपाक तिथेच, आणि संध्याकाळी पाचला परत. हे आम्हाला माहीत होतं. पण तोवर हे फक्त मावशीच्या खात्यात जमा होतं, बल्बच्या नाही.

तेवढ्यात काका आले. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी उभ्या उभ्या बोलायची सवय जात नाही. दारातूनच म्हणाले, "बाई, हात कसा हाय?" चांदवडमध्ये आईला सगळे बाईच म्हणतात, त्यांच्या नातवंडांसकट.

"हात बरा आहे. मुलगा आणि लेक डोकं खातायत."

"खाऊ द्या. पोरं जमली म्हंजे बरं असतं." चहा घेऊन ते चौकटीला टेकले. "पण बाई, एक सांगू का, रागावू नका. तुम्ही आम्हाला पंख्याचं बटण चालू राहिलं तरी बोलता. अन् तुमचा सोताचा दिवा घर बंद असताना रोज जळत असतो."

आईने कप खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"मी वट्ट्यावर पेपर घेऊन बसतो ना. दारावरच्या काचेतून दिसतो उजेड. दुपारच्याला जेवायला उठतो तरी चालूच. म्हटलं बाईचं लय बिल येत असंल."

"शक्यच नाही. मी मेन बंद करून जाते!"

"मेन बंद अन् दिवा चालू? मग तर लय भारी दिवा हाय. सरकारला सांगा."

भाऊ हसला. मी हसले नाही. मी आईकडे बघितलं. "तू जाताना मेन बंद करतेस? रोज?"

"रोज म्हणजे? कायमच करतो आपण. विसरलीस का?"

विसरले नव्हते. विसरण्यासारखं ते नव्हतंच.

आमचे वडील पाटबंधारे खात्यात होते. बदल्यांच्या काळात आम्ही भाड्याच्या घरांतून राहिलो आणि त्या प्रत्येक घरातून बाहेर पडण्याची पद्धत एकच होती. सगळे चपला घालून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. वडील कुलूप हातात घेऊन हजेरी घ्यायचे. "नळ?" "बंद!" असं भाऊ ओरडायचा, नळ त्याच्याकडे होता. "गॅस?" "बंद!" ते आईकडे. "खिडक्या?" "बंद!" ते माझ्याकडे. आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, "मेन?" हे सगळ्यांनी मिळून म्हणायचं. "बंद!" त्यानंतरच कुलूप. एका घरात मालक आमच्या मीटरवर आपली पाण्याची मोटार चालवायचा, तेव्हा वडील नुसतं मेन बंद करून थांबत नसत. चिनीमातीचा फ्यूज ओढून काढायचे आणि आईच्या पर्समध्ये द्यायचे. उन्हाळ्यात नामपूरला आजोळी जायचो तेव्हा तो फ्यूज एसटीतून आमच्याबरोबर यायचा. एका वर्षी तो आजीच्या फळीवर राहिला, लोणच्याच्या बरणीशेजारी. परत आल्यावर आम्ही दोन दिवस अंधारात काढले आणि आई वडिलांना म्हणत राहिली, "आता तुमचा मालक खूश असेल." वडीलही हसत होते. मेणबत्तीच्या उजेडात भाकरी खायला आम्हा दोघांना तर सणासारखं वाटलं होतं.

मी दुकानात याद्या करते त्यावरून नवरा मला चिडवतो. त्या याद्या कुठून आल्या, हे त्या रविवारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं असं नाही. पण आई अजून एकटीच दारात उभी राहून ती हजेरी घेत असेल, हे मात्र माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"मोठ्याने म्हणतेस?" भावाने विचारलं.

"मग काय मनात? मनात म्हटलेलं खरं केलं की नुसतं वाटलं, हे पुढे कळत नाही. मीच विचारते, मीच उत्तर देते."

"म्हंजे ते तुम्ही बोलता व्हय," काका म्हणाले. "मला वाटायचं फोनवर कुणाला झापताय."

मी उठले. मेनचा खटका जिन्याखाली आहे. "आई, तू रोज जशी निघतेस तशी आत्ता निघ. काही वेगळं करायचं नाही."

तिने पदर खोचला, पिशवी घेतली. पंखा चालू होता, तो तसाच ठेवला. टीव्हीचं बटणही चालू. जिन्याखाली जाऊन डाव्या हाताने मेन खाली ओढलं. पंखा फिरत फिरत थांबायला लागला. मधल्या खोलीतला बल्ब क्षणभर मिटला आणि शांतपणे पुन्हा पेटला.

"अगं बाई," आई म्हणाली.

ती निघते तेव्हा तिची पाठ मधल्या खोलीकडे असते आणि डोळे कुलपाकडे. सकाळच्या उजेडात मागे काय पेटलं, ते तिला कधी दिसलंच नव्हतं. आम्ही चौघं बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि काकांच्या ओट्यावर रांगेत उभे राहिलो. दारावरच्या काचेतून उजेड स्वच्छ दिसत होता.

"पाहा," काका म्हणाले. "मी खोटं बोलतो का?"

भावाला समजावायला मी आईचाच प्रयोग वापरला. बल्बला डोळे नसतात. लाइट गेली आहे की कुणी त्याचं बटण बंद केलं आहे, हे तो वायर चाचपून ओळखतो. बटण बंद असेल तर त्याची एक वायर तुटलेली असते, त्याला पुढे रस्ता मिळत नाही, म्हणून तो गप्प बसतो. लाइट गेली असेल तर बटण चालूच असतं, आणि घरातल्या पंख्यातून, बाकीच्या वस्तूंतून त्याच्या दोन टोकांना जोडणारा रस्ता मिळतो. आईच्या बोटातून मिळायचा तसाच. मग तो समजतो की अंधार झाला, आपली पाळी. मेन बंद केलं आणि पंख्याचं बटण चालू ठेवलं तर त्याच्या दृष्टीने लाइटच गेलेली असते.

"म्हणजे तो रोज रिकाम्या घराला उजेड देतोय," भाऊ म्हणाला.

"सेल संपेपर्यंत. मग आई पाचला येते, मेन लावते, आणि सात वाजता लाइट गेली तर त्याला दोनच तास भरायला मिळालेले असतात. सकाळी चालतो, कारण रात्रभर भरलेला असतो. माझ्या टेबलावर चालतो, कारण तिथे मेन कुणी बंद करत नाही. आणि रोज पार तळाला जाऊन आल्यामुळे पहिला सेल लवकर थकला."

आई म्हणाली, "तू बटण बंद करू नको म्हणालीस. मी एकदाही केलं नाही. पंखासुद्धा नाही केला मी बंद, मेन बंद केल्यावर एकेक बटण कशाला? मेनचं तू काही लिहिलं नव्हतंस."

खरंच नव्हतं लिहिलं.

"आता सोपं आहे," भाऊ म्हणाला. "मेन चालू ठेवून जायचं."

"नाही."

"आई, फ्रिज तरी..."

"फ्रिजमध्ये काय आहे माझ्या? अर्धा लिटर दूध आणि कोथिंबीर. दार उघडलं नाही तर संध्याकाळपर्यंत गार राहतं, तुझ्या बाबांनी सांगितलंय. मेन चालू ठेवून मी कुलूप लावणार नाही. माझा पाय उचलणार नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. भावानेही पुढे ताणलं नाही. तो काचेतल्या उजेडाकडे बघत होता. मला वाटतं, त्याच्याही कानात तेच चार शब्द वाजत होते.

मधला मार्ग निघाला. निघताना आधी बल्बचं बटण बंद करायचं, मग मेन. रात्रभर भरलेला सेल तसाच भरलेला राहील. आल्यावर आधी मेन, मग बल्ब. माझी पट्टी मी स्वतः काढली. आई म्हणाली, "म्हणजे हजेरीत एक नाव वाढलं." तिने लगेच म्हणून पाहिलं, नळ, गॅस, खिडक्या, बल्ब, मेन, आणि बल्ब कुठे बसतो ते बघायला पुन्हा म्हटलं.

"आणि विसरलीस तर?" भाऊ.

"पन्नास वर्षांत काय विसरले?"

"फ्यूज. नामपूरला," तो म्हणाला. आई इतकी हसली की तिला मनगट धरावं लागलं.

नवा सेल अजून चांगला होता, म्हणून आणलेला नवा बल्ब मी परत नेला. आठवडाभर रोज संध्याकाळी भावाने फोन केला. गुरुवारी साडेसहाला लाइट गेली ती नऊला आली आणि बल्ब तोवर जळत होता. "अजून जळत राहिला असता," आई म्हणाली. "मीच कंटाळले." बॅग भरायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पण एक अट घातली, आणि ती मला पटते: एका नव्या शब्दावर आईचा जिना अवलंबून ठेवायचा नाही. मधल्या खोलीची लाइन मेनच्या आधीच वेगळी काढायची, तिला स्वतःचा खटका द्यायचा आणि तो कायम चालू. बाकीचं घर आईने खुशाल बंद करून जावं. तिलाही हे मान्य आहे, कारण मोठा खटका तिच्याच हातात राहतो.

दोन खटक्यांची पेटी, वायर, पट्टी, स्क्रू, सगळं दुकानात एका पिशवीत बांधून ठेवलंय. चांदवडच्या वायरमनशी बोलणं झालंय. पण आईचं म्हणणं, "भिंतीला भोक पाडायचं तर माझ्यासमोर, आणि पाचपर्यंत मी मावशीकडे असते." वायरमन पाचनंतर काम घेत नाही आणि रविवारी येत नाही. मावशीच्या डॉक्टरांनी अजून महिनाभर तरी तिला चालू नको म्हणून सांगितलंय.

पिशवी काउंटरखाली आहे. लाइन काढायची राहिली आहे.